सप्लाय चेनवाल्यांसाठी: रेझ्युमेतले आकडे कसे मांडायचे

आमच्याकडे रेझ्युमे लिहून घ्यायला येणाऱ्या सप्लाय चेनच्या लोकांकडे आकडे कमी नसतात, उलट जरा जास्तच असतात. पण रिक्रूटर बहुतेक वेळा एचआरचा माणूस असतो, त्याला टर्न्स म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही, आणि पुढच्या फेरीत जो बसतो तो मात्र याच धंद्यातला असतो आणि आकडा बघितला की पहिलं विचारतो, हा काढला कसा? म्हणून आकडा असा लिहायचा की पहिल्याला कळला पाहिजे आणि दुसऱ्यासमोर टिकला पाहिजे.

सगळ्यात जास्त गडबड इन्व्हेंटरी टर्न्समध्ये होते, म्हणून तेच नीट बघू. समजा एका वेअरहाऊस मॅनेजरने लिहिलंय 'टर्न्स 9 पर्यंत नेले'. खोदून विचारलं तर कळतं की त्याने वर्षाची विक्री 36 कोटी घेतली आणि वर्षाअखेरीचा स्टॉक 4 कोटी, भागले, आले 9. यात दोन घोळ आहेत. विक्रीत नफा मिसळलेला असतो आणि स्टॉक मात्र खरेदीच्या किमतीला धरलेला असतो, त्यामुळे वर विक्री नाही तर विकल्या गेलेल्या मालाची कॉस्ट घ्यायची, ती इथे 27 कोटी. आणि वर्षाअखेरीला स्टॉक बरेचदा मुद्दाम खाली आणलेला असतो (का ते तुम्हाला सांगायला नको), म्हणून बारा महिन्यांच्या स्टॉकची सरासरी धरायची, ती निघाली साडेचार कोटी. आता 27 भागिले 4.5, म्हणजे 6. आदल्या वर्षी कॉस्ट 24 कोटी, सरासरी स्टॉक 6 कोटी, म्हणजे टर्न्स 4. तर 4 वरून 6, हेही काही कमी नाहीये, आणि कोणी उलटतपासणी केली तरी हलत नाही.

आता हेच एचआरला कळायला दिवसांत सांगायचं. 365 ला टर्न्सने भागा, आधी माल सरासरी 91 दिवस पडून राहायचा, आता 61 दिवस. हे कोणालाही कळतं. पण जाणकार माणूस लगेच म्हणणार की स्टॉक कापला की टर्न्स वाढणारच, ऑर्डरी परत गेल्या का ते सांगा. म्हणून शेजारी फिल रेट पाहिजेच. आम्ही ती ओळ अशी लिहू: 'संथ खपाच्या मालाचे रिऑर्डर पॉइंट दर महिन्याला नव्याने ठरवून स्टॉक 91 दिवसांवरून 61 दिवसांवर आणला (टर्न्स 4 वरून 6), फिल रेट 96 टक्क्यांवर कायम.' फिल रेट घसरला असेल तर तोही लिहा, कारण मुलाखतीत तो निघतोच.

फ्लीटचं सोपं आहे. नुसतं '40 गाड्यांचा ताफा' लिहू नका, स्वतःच्या 12 आणि ट्रान्सपोर्टरच्या 28 असं फोडून लिहा, कारण स्वतःच्या गाड्यांत ड्रायव्हर, मेंटेनन्स, डिझेल सगळं तुमच्या डोक्यावर असतं आणि भाड्याच्या गाड्यांत काम मुख्यतः रेट आणि करार सांभाळायचं, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

डिलिव्हरीचा '98 टक्के ऑन टाइम' बघितला की आम्ही एकच विचारतो, कुठल्या तारखेशी तुलना केली? ग्राहकाला पहिल्यांदा दिलेल्या तारखेशी की उशीर होणार म्हटल्यावर सिस्टिममध्ये पुढे ढकललेल्या तारखेशी? दुसऱ्या पद्धतीने कोणीही 98 आणतो. पहिल्या तारखेला आणि पूर्ण क्वांटिटी पोचली तरच मोजा, आकडा 89 आला तरी चालेल, आधी 78 होता हे शेजारी लिहिलं की झालं.

व्हेंडर सेव्हिंगमध्ये फसगत बेसलाइनची असते, म्हणजे बचत कशाच्या तुलनेत मोजली त्याची. व्हेंडरने 8 टक्के वाढ मागितली आणि तुम्ही 3 वर तोडलं तर 5 टक्के वाचवले असं लिहायचा मोह होतो, पण कंपनीचा खर्च तर 3 टक्क्यांनी वाढलाच ना. याला टळलेली वाढ म्हणायचं आणि वेगळी लिहायची. खरी बचत म्हणजे तोच माल, तेवढीच क्वांटिटी, गेल्या वर्षीपेक्षा कमी रेटने. खरेदीच कमी झाली म्हणून बिल कमी आलं, तर ती तुमची बचत नव्हे. फायनान्सने मान्य केलेला आकडा असेल तर तोच वापरा, आणि व्हेंडरचं नाव किंवा रेट लिहू नका, टक्केवारी पुरते, जुन्या कंपनीशी गोपनीयतेचा करार असू शकतो.

आमच्याकडे येताना दोन वर्षांचे महिनावार स्टॉकचे आकडे, मालाची कॉस्ट, फिल रेट आणि डिलिव्हरीचा रिपोर्ट कुठल्या तारखेवर काढलाय ते एका कागदावर लिहून आणा. कंपनीची मूळ शीट आणू नका, ती तुमची नाही आणि आम्हाला लागतही नाही.