ब्रिटिश बँकेचा खातेउतारा : संक्षेप आणि शुल्क

ब्रिटनमधील बँका खातेउताऱ्यात व्यवहाराचा प्रकार दोन-तीन अक्षरांत छापतात. तिथे खानावळ किंवा दुकान चालवणाऱ्या मराठी व्यावसायिकाची पहिली गफलत DD या अक्षरांपाशी होते. भारतात डीडी म्हणजे डिमांड ड्राफ्ट, आपण पैसे भरून काढून घेतलेला. ब्रिटनमध्ये DD म्हणजे डायरेक्ट डेबिट. वीज कंपनीला, विमा कंपनीला किंवा कर खात्याला आपण एकदा परवानगी देतो आणि पुढे तेच आपल्या खात्यातून रक्कम वळती करून घेतात. ही रक्कम दर वेळी वेगळी असू शकते. SO, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर, याच्या उलट आहे. तिची रक्कम आणि तारीख आपण ठरवतो. हा फरक कामाचा आहे, कारण डायरेक्ट डेबिटची रक्कम चुकून कापली गेली, तर हमी योजनेनुसार आपली बँक ती पूर्ण परत करते. स्टँडिंग ऑर्डरला ही हमी नाही.

CR म्हणजे जमा आणि DR म्हणजे नावे, पण दोन्ही बँकेच्या बाजूने. आपल्या कीर्दीत खात्यावर आलेले पैसे बँकेच्या नावे पडतात, म्हणून उतारा आणि वही जुळवताना बाजू उलट वाचावी लागते.

शुल्क बहुधा वेगवेगळे दिसत नाही. TOTAL CHARGES अशा एकाच ओळीत आधीच्या काळाची बेरीज येते आणि तपशील शुल्काच्या वेगळ्या सूचनेत असतो. समजा, मासिक शुल्क 8 पौंड आहे आणि रोख भरण्यावर दीड टक्का आकार आहे. महिन्यात 1,200 पौंड रोख भरले, तर 18 पौंड आकार होतो आणि ओळीत 26 पौंड दिसतात. भारतातल्या सवयीने यात जीएसटीसारखा कर शोधू नये. खाते चालवण्याचे असे शुल्क तिथे व्हॅटमधून मुक्त आहे, त्यामुळे परतावा मागण्यासारखे काही नसते.

सर्वात मोठा खर्च मात्र शुल्क म्हणून छापलाच जात नाही, तो विनिमय दरात असतो. इटलीतल्या पुरवठादाराला 1,000 युरो पाठवायचे आहेत असे धरू. बाजारात पौंडाला 1.16 युरो मिळत असताना बँकेने 1.12 चा दर लावला, तर 862.07 ऐवजी 892.86 पौंड जातात. जवळपास 31 पौंडांचा हा फरक उताऱ्यात कुठेही वेगळा दिसत नाही. तो ओळखायचा, तर पाठवलेल्या युरोंना खात्यातून गेलेल्या पौंडांनी भागावे आणि आलेला दर त्याच दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा.

परदेशातून येणारे पैसे कमी आले, तर पाठवणाऱ्याने शुल्क कोणी भरायचे यासाठी SHA हा पर्याय निवडला होता का ते विचारावे. यात शुल्क दोघांत वाटले जाते आणि मधली बँकही आपला आकार वाटेतच कापू शकते. OUR निवडल्यास शुल्क पाठवणारा भरतो, BEN निवडल्यास सगळे घेणाऱ्यावर येते. म्हणून बिलावरच OUR लिहून द्यावे.