अडीच किलोची मांजर आणि पाच किलोला सुटणारा पट्टा

श्रावणात आमच्या शेजारच्या काकूंची मनी दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी ती गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगात सापडली. पुढचा डावा पाय गळ्यातल्या नाड्यात अडकला होता आणि नाडा काखेत रुतला होता. "मले वाटलं कुत्र्यानं नेली," काकू म्हणाल्या. पोळ्याच्या साजातून उरलेलं एक पितळी घुंगरू त्यांनी नायलॉनच्या नाड्यात ओवून तिच्या गळ्यात बांधलं होतं. मनी चालती की कळावी, एवढाच हेतू.

हे कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे. पट्टा सैल असला की मांजर तो काढायला पुढचा पंजा आत घालते. कोपर एकदा आत गेलं की ते उलटं निघत नाही आणि पट्टा मानेच्या एका बाजूने काखेखालून तिरका बसतो. मग प्रत्येक पावलाला तो कातडी घासतो. काखेतली जखम मांजरात फार हट्टी असते, कारण तिथली कातडी सतत हलते. टाके घातले तरी उकलतात. पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडल्या तर गोष्ट आणखी अवघड होते. मनीच्या जखमेला भरायला जवळपास दोन महिने लागले.

म्हणून पट्टा घालायचाच तर तो अडकल्यावर आपोआप सुटणारा हवा, हे शहरात पुष्कळांना माहीत असतं. पट्ट्याचं बक्कल प्लास्टिकचं असतं, त्याचे दात एका ठरावीक ओढीला निसटतात. पण ती ओढ किती, हे पाकिटावर बहुधा लिहिलेलं नसतं. काकूंसाठी मी तालुक्याहून एक आणला. दुकानात हाताने ओढून पाहिला, टक्कन सुटला. मला बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र शंका आली. मी लावलेला जोर मांजर लावू शकेल का?

मग तूरडाळीची अर्ध्या अर्ध्या किलोची पाकिटं घेतली. पट्टा मांजरीच्या मानेच्या मापाचा गोल करून भिंतीच्या खिळ्याला टांगला. बक्कल एका बाजूला राहील असा फिरवला आणि खालच्या टोकाला दोरीने पिशवी लोंबकळवली. एकेक पाकीट टाकत गेलो. दोन किलो, तीन किलो, चार किलो. पट्टा सुटला तो पाच किलोला. मनीचं वजन अडीच किलो.

पाच किलो कशी, हाताने तर सहज सुटला होता? कारण गोल पट्ट्यात भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. मांजर फांदीला किंवा कुंपणाच्या तारेला अडकून लोंबकळली की तिच्या वजनाचा निम्मा ताण डाव्या बाजूवर, निम्मा उजव्या बाजूवर. बक्कल एकाच बाजूला असतं. अडीच किलोची मांजर लोंबकळली तर बक्कलला सव्वा किलोच ताण मिळतो. अडीच किलोच्या ओढीला सुटणारं बक्कल त्या मांजरीसाठी कुलूपच आहे. हाताने दोन टोकं सरळ ओढताना पूर्ण जोर बक्कलवर येतो, म्हणून दुकानातली परीक्षा फसवते.

उडी मारताना अडकली तर झटका बसतो, आणि झटक्याचा जोर वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. तेव्हा असा पट्टाही सुटेल. धोका आहे तो हळूच अडकण्यात. कवेलूंवरून घसरताना, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणातून जाताना, मागचे पाय निम्मे टेकलेले असताना. तेव्हा पट्ट्यावर पूर्ण वजनही येत नाही. म्हणून माझा आडाखा असा: टांगलेल्या पट्ट्याला मांजरीच्या वजनाच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश वजनाची पिशवी लावली की तो सुटला पाहिजे. मनीसाठी म्हणजे दीड किलोच्या आसपास. किलोभराच्या आतल्या पिल्लाला तर कुठलाच पट्टा घालू नये. त्याच्या वजनाला काहीच सुटत नाही आणि मान आठवड्या-आठवड्याला वाढते.

नुसत्या ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्यावर माझा विश्वास नाही. डोकं निघावं म्हणून तो ताणतो, पण तेवढाच ताणून पंजाही आत घेतो आणि पुन्हा आवळतो. मनीला जे झालं तेच.

शेवटी काकूंच्या शिलाईच्या डब्यातून उपाय निघाला. जुन्या सुती पट्टीची टोकं एकमेकांना लावून कच्च्या दोऱ्याचा एकच टाका घातला. पहिला टाका दीड किलोला तुटला. दुसऱ्यांदा शिवला तर दोन किलोला. पॉलिस्टरचा दोरा वापरून पाहिला तर चार किलोलाही हलला नाही, म्हणून तो बाद. सुती दोरा उन्हात, घाशीत झिजतो. इथे ते चालतं, कारण झिजला तर पट्टा लवकर सुटेल, उशिरा नाही. पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं जेमतेम जावीत, एवढाच घट्ट.

आता प्रश्न राहतो, सहज सुटणारा पट्टा टिकणार किती? २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५३८ पाळीव मांजरांना तीन प्रकारचे पट्टे सहा महिने घातले होते. साधारण ७३ टक्के मांजरांनी पूर्ण काळ पट्टा वापरला. अडकण्याचे प्रसंग तीन टक्क्यांच्या जरा वर आले: पाय अडकणं, तोंडात पट्टा जाणं, कशाला तरी गुंतणं. पण ती तिकडची मांजरं. आमच्याकडे काटेरी कुंपणं, पऱ्हाट्यांचे ढीग, विहिरीचे कठडे. हा आकडा इथे जसाच्या तसा लावणं मला धाडसाचं वाटतं.

ओळखीसाठी लोंबणारा पत्रा मी लावत नाही. त्याची कडी स्वतःच काट्यात गुंतते. फोन नंबर पट्टीवरच न पुसणाऱ्या शाईने लिहावा, दहाच्या दहा आकडे ठळक. कातडीखाली बसवायची चिप हरवत नाही, हे खरं. पण ती वाचायचं यंत्र हाताशी नसेल तर शेतातल्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

आणि घुंगरू? २००५ साली इंग्लंडमधल्या पाहणीत घुंगरू घातलेल्या मांजरांनी साधा पट्टा घातलेल्यांपेक्षा पक्षी ४१ टक्के आणि उंदरांसारखे सस्तन प्राणी ३४ टक्के कमी आणले. २०२१ च्या तिथल्याच मोठ्या पाहणीत मात्र घुंगराचा ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे पक्ष्यांच्या बाबतीतही घुंगराची खात्री नाही. पण ज्या घरात खोलीभर कापूस आणि तूर भरलेली असते, तिथे मांजर पाळली जाते ती उंदरांसाठीच. उंच पट्टीचा आवाज उंदराला फार चांगला ऐकू येतो. घुंगरू चाललं तर उंदीर वाचणार, नाही चाललं तर नुसती किणकिण. शिवाय पितळी घुंगराच्या फटीत मांजरीचं नख किंवा दात अडकतो. मनीचं घुंगरू मी काकूंना परत दिलं.

कार्तिकात तूर पाहायला गेलेल्या पलीकडच्या गावच्या एका माणसाचा फोन आला. "तुमची मांजर हरपली का भाऊ? पट्टी बोराटीले अडकून हाय." टाका तुटलेला होता. मी काकूंकडे जाऊन पाहिलं, मनी कुटारावर झोपली होती, मान मोकळी. काकूंनी डबा उघडून कच्चा दोरा काढला.