टायरचे मऊ आणि कडक कंपाउंड (मोटारसायकल)

टायरचा जो थर रस्त्याला टेकतो तो ट्रेड आणि त्याचे रबरमिश्रण म्हणजे कंपाउंड. त्यात रबराखेरीज काजळी किंवा सिलिका, तेल आणि गंधक असते. गंधक वाढवले की मिश्रण कडक होते, तेल वाढवले की मऊ. हा कडकपणा शोर-ए मापनीवर मोजतात. ट्रेडचे रबर साधारण 55 ते 70 च्या दरम्यान असते. आकडा जितका कमी तितके रबर मऊ.

मऊ रबर डांबरातल्या खडीच्या खाचखळग्यांत खोल बसते आणि पूर्ववत व्हायला किंचित वेळ घेते. या दिरंगाईत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, आणि त्यातूनच ग्रिपचा मोठा भाग मिळतो. ओल्या रस्त्यावर तर बरीचशी भिस्त यावरच असते, कारण पाण्यामुळे रबर दगडाला चिकटत नाही. मात्र त्याच खडीवर मऊ रबर लवकर झिजतेही. सिलिकाने हा पेच थोडा सुटतो: ओल्यात पकड चांगली राहते आणि टायर हलकाही पळतो. पण सिलिका रबरात नीट मिसळायला वेगळे रसायन आणि जास्त काळजी लागते, म्हणून किंमत चढते.

हिशेब करून पाहू. समजा, 150 सीसी गाडीचा मागचा कडक टायर 2,500 रुपयांना मिळतो आणि 30,000 किमी चालतो; मऊ टायर 4,500 रुपयांचा असून 12,000 किमीत संपतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे 8 पैसे, दुसऱ्याचा 37. म्हणजे दर दुपटीहून कमी, पण खर्च साडेचार पट. दुकानात फक्त दर दिसतो.

पुढच्या टायरचे गणित वेगळे आहे. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर येत असल्याने पुढचा टायर सहसा सावकाश झिजतो. जोरात ब्रेक लावताना मात्र भार त्याच्यावरच येतो. त्यामुळे मऊ रबराचे पैसे पुढे घालणे अधिक शहाणपणाचे. अर्थात, कंपनीने जोडी म्हणून दिलेलेच टायर घ्यावेत. मागे दुहेरी कंपाउंडचा टायर चालतो: मधला पट्टा कडक, कडा मऊ. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो आणि घाटात गाडी कलली की कडा कामी येतात. रोज महामार्गावरच धावणाऱ्या गाडीचा मधला पट्टा सपाट होतो, मग वळणात कलताना गाडी अडखळल्यासारखी वाटते.

मऊ टायर कायम मऊ राहत नाही. ऊन, उष्णता आणि ऑक्सिजनने रबर कडक होत जाते. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात; 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. अशा जुन्या टायरची नक्षी खोल असली, तरी खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर तो बदलावा.