दमा की अँटिट्रिप्सिनची कमतरता?

कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, चाळिशीतल्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली आणि छातीत घरघर ऐकू आली, की दम्याचे निदान होते आणि इनहेलर सुरू होतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. मात्र याच लक्षणांमागे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरताही असू शकते. ती 1963 मध्ये स्वीडनमध्ये प्रथम ओळखली गेली.

दम्यात श्वासनलिका आकसतात आणि औषधाने पुन्हा सैलावतात, त्यामुळे त्रास कमी-जास्त होत राहतो. या कमतरतेत मात्र फुफ्फुसाचे वायुकोशच झिजतात. पांढऱ्या पेशींतून सुटणाऱ्या इलॅस्टेज या विकराला आवर घालण्याचे काम यकृतात तयार होणारे अँटिट्रिप्सिन करते. ते अपुरे पडले, की इलॅस्टेज वायुकोशांच्या भिंती खाऊ लागते आणि एम्फिसीमा होतो. इनहेलरने थोडा आराम पडतो, म्हणूनच फसगत होते. पण धाप वर्षागणिक वाढत जाते.

समजा, अशा रुग्णाच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकलेल्या श्वासाचा जोर आणि प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत, औषधानंतरही श्वासाचा अडथळा कायम राहिला. दम्यात वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ चाचणी सहसा चांगली येते. इथे ती घटलेली निघाली. सिगारेटचा एम्फिसीमा बहुधा फुफ्फुसांच्या वरच्या भागात दिसतो, इथे सीटी स्कॅनमध्ये खालचे भाग जास्त विरळ दिसले. रक्तातील अँटिट्रिप्सिन, जे साधारण 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असायला हवे, ते 28 भरले. जनुक चाचणीत या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती 'झेड' या सदोष प्रकारच्या निघाल्या.

आता प्रश्न भावंडांचा. आई-वडील दोघेही एकेका झेड प्रतीचे वाहक असतील, तर प्रत्येक भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक, आणि नुसते वाहक असण्याची दोनात एक. इथे केवळ पातळीवर विसंबू नये. ताप किंवा जंतुसंसर्गात हे प्रथिन वाढते, त्यामुळे वाहकाची पातळी अगदी सामान्य दिसू शकते. म्हणून पातळीसोबत जनुक चाचणी करावी. रुग्णाचा जोडीदार वाहक नसेल, तर मुले वाहक असतील, पण त्यांच्यात ही तीव्र कमतरता येणार नाही.

धूम्रपान न करणाऱ्या वाहकाला फुफ्फुसांचा धोका फारसा वाढत नाही. दोन्ही प्रती झेड असलेल्या, अजून त्रास नसलेल्या भावाला मात्र आजच सांगायला हवे, कारण सिगारेट त्याचे आयुष्य अनेक वर्षांनी घटवू शकते. त्याची स्पायरोमेट्री आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने व्हाव्यात, कारण हेच सदोष प्रथिन यकृतात साचून तिथेही इजा करते.

झेड बदल मूळचा उत्तर युरोपातला असल्याने भारतात तो दुर्मीळ आहे, आणि आपल्याकडे धूम्रपान न करणाऱ्यांत चुलीच्या धुराचा विचार आधी करावा लागतो. पण पातळी खरोखरच कमी आली आणि केवळ नेहमीचे बदल तपासणारी चाचणी निर्दोष निघाली, तर मराठी कुटुंबाला तेवढ्यावर निर्धास्त करू नये. दुर्मीळ बदल शोधण्यासाठी संपूर्ण जनुकाचे वाचन करून घ्यावे.