कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध : जागृती सत्राची तयारी

सत्राची तारीख ठरवण्याआधी आपल्या दर्शनी फलकावरील अंतर्गत समितीची यादी तपासावी, अशी आमची ग्राहकांना पहिली विनंती असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला 2013 च्या अधिनियमानुसार ही समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. फलकावर नोकरी सोडून गेलेल्यांची नावे तशीच राहिली असतील, तर सत्रात सांगितलेला तक्रारीचा मार्ग कामगाराला बंद दारापाशी नेऊन सोडतो.

व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा एकच काल्पनिक प्रसंग नीट उलगडावा, असा आमचा आग्रह आहे. समजा, भोसरीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत आलेली महिला पॅकिंगचे काम करते. पर्यवेक्षक 12 जानेवारीला तिच्या शरीरावर शेरा मारतो, मग तिने नको म्हटल्यावरही रात्री लैंगिक आशयाचे संदेश पाठवत राहतो, आणि 20 मार्चला कंपनीच्या बसमध्ये तिचा हात धरतो. "मी तर गंमत केली," हे त्याचे म्हणणे येथे निर्णायक नाही. वर्तन तिला नकोसे होते का, हा मुख्य प्रश्न आहे. ती ठेक्यावर असली तरी कायद्याने कर्मचारीच ठरते, आणि मालकाने पुरवलेली बसही कामाची जागाच असते.

घटनांची मालिका असल्यास लेखी तक्रारीची तीन महिन्यांची मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, म्हणजे येथे 20 जूनपर्यंत. वेळेत तक्रार करता न येण्याची कारणे पटली, तर समिती ती लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कर्मचारी दहापेक्षा कमी असल्याने समितीच नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हा मार्ग लहान वर्कशॉपमध्ये जवळजवळ कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून त्यावर वेळ द्यावा.

पर्यवेक्षकांना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते. "आपसात मिटवून घ्या," असे म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही, कारण समेटाची मागणी तक्रारदार महिलेकडूनच यावी लागते आणि पैसे देऊन तो करता येत नाही. तसेच तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे, हेही स्पष्ट करावे. या एका भीतीपोटी अनेक जणी गप्प राहतात.

सत्रात कोणालाही स्वतःचा अनुभव सांगण्यास भाग पाडू नये, प्रसंगातील पात्रांना कोणत्याही खऱ्या विभागातील व्यक्तीशी जुळणारे तपशील देऊ नयेत, आणि पुरुष कर्मचाऱ्यांशी आरोपी समजून बोलू नये. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्यावेत. एखादीने मध्यंतरात येऊन काही सांगितले, तर वक्त्याने चौकशी न करता ते शांतपणे ऐकावे आणि समिती सदस्याचा दूरध्वनी क्रमांक तिच्या हाती द्यावा.