दहा लाख व्हायला किती वर्षं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करणारे एक दिवाणजी धरू. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना 10 लाख रुपये साठवायचे आहेत. दर महिनाअखेरीला ते 5,000 रुपये टाकतात आणि व्याज वर्षाला 6 टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का मिळतं. व्याज दरमहा मुद्दलात मिळतं असं समजू. नुसता भागाकार केला तर 200 महिने लागतील. व्याज धरलं तर?

शेवटच्या हप्त्याला व्याज मिळायला वेळच नसतो. तो 5,000 च राहतो. त्याच्या आधीचा 5,000 × 1.005 होतो, त्याआधीचा 5,000 × 1.005². असं मागे मागे पहिल्या हप्त्यापर्यंत जायचं. प्रत्येक पद आधीच्या पदाच्या 1.005 पट, म्हणून ही भूमिती श्रेढी.

शेकडो पदं बेरजेला घ्यायची गरज नाही. सगळ्या बेरजेला 1.005 ने गुणा आणि त्यातून मूळ बेरीज वजा करा. मधली सगळी पदं कटतात, फक्त दोन टोकं उरतात. मला शाळेच्या गणितातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. n हप्त्यांनंतर उरतं ते असं:

0.005 × जमा रक्कम = 5,000 × (1.005ⁿ − 1)

जमा रकमेच्या जागी 10 लाख ठेवा. डावी बाजू 5,000 येते, म्हणजे 1.005ⁿ = 2. आता n घातांकात अडकलेला आहे, आणि त्याला खाली आणायचं काम लॉगचं:

n = log 2 ÷ log 1.005 = 0.30103 ÷ 0.002166 ≈ 138.98

हप्ता अर्धवट भरता येत नाही, म्हणून 139 महिने: 11 वर्षं 7 महिने. खिशातून गेले 6,95,000; बाकीचे सुमारे 3,05,000 व्याजाचे.

इथे लॉगचे अंक तोडण्याची घाई नडते. चार दशांश स्थळांच्या तक्त्यासारखं log 1.005 ला 0.0022 धरलं, तर उत्तर 137 वर येतं आणि रक्कम लक्ष्याला पोचत नाही. भागणारी संख्या फार लहान असल्यामुळे तिच्यातली बारीकशी चूक थेट महिन्यांत दिसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे महिन्यांच्या हिशेबात 0.005 ऐवजी वार्षिक 0.06 वापरणं. उत्तर संशयास्पद छोटं आलं, तर आधी हेच तपासावं.

2 हा आकडा कुठून आला, हे नीट पाहण्यासारखं आहे. 10 लाखांवरचं एका महिन्याचं व्याज 5,000 आणि हप्ताही 5,000. त्यांचं गुणोत्तर 1, त्यात 1 मिळवला. लॉग घ्यायचा तो नेहमी अशाच संख्येचा. हप्ता 10,000 केला तर ती संख्या 1.5 होते आणि 82 महिने लागतात. हप्ता दुप्पट झाला तरी वेळ निम्मी होत नाही, कारण व्याजाला काम करायला मिळणारे महिनेही घटतात. उलट हप्ता 2,500 वर आणला तर संख्या 3 होते आणि 221 महिने लागतात, म्हणजे दुपटीपेक्षा बरेच कमी.