यूट्यूब चालतंय म्हणजे क्लासचं नेट चांगलं असं नसतं हो

पालकांनो, परत तेच. सोमवारी सातच्या ऑनलाइन बॅचला निम्मी पोरं "सर आवाज तुटतोय" करत होती आणि आठ वाजता मला तुमचे मेसेज, "सर आमचं नेट एक नंबर आहे, चाळीसचा स्पीड आहे, यूट्यूब मक्खन चालतंय, तुमच्याकडूनच प्रॉब्लेम असंल." माझ्याकडून असता तर सगळ्यांचंच अडकलं असतं ना.

घोळ इथं आहे की स्पीड आणि पिंग या दोन गोष्टी आपण एकच धरतो. स्पीड तुम्हाला माहीतच आहे, प्लॅनवर लिहिलेला आकडा, एका सेकंदात किती डेटा येतो तो. पिंग म्हणजे तुमच्याकडून निघालेला छोटासा निरोप तिकडं जाऊन परत यायला किती वेळ लागला, मिलीसेकंदात. सेकंदाचा हजारावा भाग. क्लासला स्पीड फार लागत नाही, नुसता आवाज तर अर्ध्या एमबीपीएसच्याही खूप खाली भागतो. क्लासला लागतो तो पिंग, तोही एकसारखा.

मग यूट्यूब काहून चालतं? आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो तरी घरात रोज पाणी असतं, कारण ड्रम भरलेले असतात. यूट्यूब तसंच, पुढचा बराच व्हिडिओ आधीच भरून ठेवतं आणि मधी पाच सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला कळत पण नाही. क्लासचा ड्रम भरताच येत नाही, कारण मी पुढचं वाक्य अजून बोललोच नाही तर ते साठवणार कुठून? तिथं नळाला तोंड लावूनच प्यावं लागतं, धार तुटली की ठसका. त्यामुळं यूट्यूब लावून नेट तपासणं कृपा करून बंद करा, त्यातून क्लासबद्दल काहीच कळत नाही.

आता एक खरी केस. परभणीकडचा एक पोरगा, गच्चीवर अँटेना लावलेलं नेट, डाउनलोड चाळीस, अपलोड फक्त चार. रोज सात-दहाला अडकायचा, म्हणजे अगदी घड्याळ लावून. मी त्याच्या वडिलांना फोनवर fast.com उघडायला लावलं आणि मोठ्या आकड्याखालचं Show more info दाबायला सांगितलं. तिथं Latency खाली दोन आकडे येतात, Unloaded म्हणजे लाइन मोकळी असतानाचा पिंग आणि Loaded म्हणजे लाइनवर लोड असतानाचा. त्यांचा पहिला आला 31 आणि दुसरा 870. जवळजवळ एक सेकंद! स्पीड मात्र तोच, चाळीस.

शोधल्यावर कळलं, सातला आई स्वयंपाकाला लागायची अन् फोन चार्जिंगला लावायची, आणि चार्जिंगला लागला की त्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायचे. चारचं अपलोड त्यात गच्च भरलं की पोराचा आवाज त्या व्हिडिओंच्या मागं रांगेत उभा. आणि माझा व्हिडिओ पण अडकायचा, कारण डाउनलोडला सुद्धा "मिळालं, पुढचं पाठवा" असे निरोप त्याच अपलोडमधून जावे लागतात. बॅकअपची वेळ बदलली, दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरळीत. शंभरचा प्लॅन घ्यायला निघाले होते ते! त्यात अपलोड तेवढंच राहिलं असतं तर पैसे पाण्यात.

आता लोड नसताना पण पिंग खालीवर होत असंल तर दोष वायफायचा का लाइनचा ते पहा. विंडोजच्या लॅपटॉपवर Command Prompt ची काळी खिडकी उघडून आधी राउटरला विचारा, मग बाहेर:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

(राउटरचा पत्ता काही ठिकाणी 192.168.0.1 असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर पहा.) पहिल्यातच कधी 3 कधी 400 येत असंल तर नेटवाल्याला शिव्या देऊ नका, राउटर आणि पोरगा यांच्यामधल्या दगडी भिंती बघा, पोराला राउटरच्या खोलीत बसवा किंवा सरळ केबल लावा. मला विचाराल तर केबलच. पहिलं स्थिर आणि दुसरंच उड्या मारत असंल तर मग लाइनचं दुखणं, तेव्हा नेटवाल्याला फोन करा आणि हे पन्नास ओळींचे फोटो पाठवा, नुसतं "स्लो आहे" म्हणलं की तो पण स्पीड टेस्ट करून मोकळा होतो.

वायफायच्या कांड्या फुल असणं म्हणजे फक्त राउटर जवळ आहे, बाकी काही नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

उद्या क्लासच्या दहा मिनिटं आधी, घरातले सगळे फोन जसे रोज असतात तसेच ठेवून, ते दोन आकडे काढा आणि मला पाठवा. Loaded दीडशे-दोनशेच्या आत असंल तर बहुतेक ठीक, पाचशेच्या वर असंल तर आधी चार्जिंगला लावलेला फोन कुणाचाय ते बघा. यूट्यूबचा स्क्रीनशॉट पाठवू नका.